लोणच्याची बरणी कुठल्या डब्यात?

ताई, नमस्कार. आम्ही मुलुंडला सोसायटीत राहतो. ओला आणि सुका असे दोन डबे आमच्याकडे कितीतरी वर्षं आहेत. पण गेल्या रविवारी घरी अकरा माणसं जेवायला होती आणि सोमवारी सकाळी सफाईच्या दादांनी आमचा सुक्याचा डबा उघडून पाहिला आणि दारातच परत ठेवला. आत हात पुसलेले टिश्यू, पराठ्यांची फॉइल, वेफर्सची पाकिटं आणि माझ्या सासूबाईंची फुटलेली लोणच्याची बरणी होती. नव्या फ्रिजचं थर्माकोल तर बाल्कनीत आठवडाभर पडून आहे. सूनबाई म्हणते, टिश्यू म्हणजे कागद, तो सुक्यात. मी म्हणते, ओला झाला तर ओल्यात. बरणीला ती काच म्हणते, मी माती म्हणते. तिच्या मोबाइलवरची यादी एक सांगते, सोसायटीच्या जुन्या पत्रकात दुसरंच आहे. नक्की काय करायचं?
— एक वाचक, मुलुंड पूर्व

नमस्कार. तुमचा डबा परत आला तो बहुतेक टिश्यूंमुळे. फॉइल, पाकिटं, अगदी फुटकी बरणीसुद्धा एकवेळ हाताने बाजूला काढता येते. पण पावभाजीच्या रसात भिजलेला टिश्यू सुक्या डब्यात पडला की तो आजूबाजूच्या प्रत्येक कागदाला चिकटतो.

सुका कचरा तुमच्या दारातून निघाल्यावर कुठे जातो ते मी पाहिलेलं आहे. पूर्व उपनगरातल्या एका वर्गीकरण केंद्रात मी काही महिने नियमित जात होते. तिथे यंत्र वगैरे काही नसतं. लांबट टेबलावर किंवा सरळ जमिनीवर ढीग ओततात आणि भोवती बसलेल्या बायका हातांनी एकेक वस्तू वेगळी करतात. पुठ्ठा एका गोणीत, दुधाच्या पिशव्या दुसऱ्या गोणीत, पाण्याच्या बाटल्या तिसऱ्या गोणीत. त्यांचा हात इतका झरझर चालतो की आपल्याला वस्तू दिसेपर्यंत ती गोणीत गेलेली असते. एका बाईंनी मला पुठ्ठ्याचा एक तुकडा दाखवला होता. त्याच्यावर भाजीचा डाग पसरून मऊ लगदा झाला होता. त्या म्हणाल्या, "हा मी गोणीत घातला तर व्यापारी वरचा थर बघून अख्ख्या गोणीचा भाव पाडतो." पावसाळ्यात तर दुपारपर्यंत त्या ढिगाला वास सुटतो आणि मग कुणीच आत हात घालायला धजत नाही.

त्या दिवसापासून डब्यापाशी उभी राहिले की मी मनात एवढंच विचारते, यापुढे हे कुणाच्या हातात जाणार आणि तो माणूस याचं काय करणार? ही वस्तू कागदाची की काचेची यावरून तुमचं आणि सूनबाईंचं भांडण होतंय. पण कागद, काच, चांदी हे आपण दिसण्यावरून ठरवतो. पुढच्या माणसाला ती वस्तू कशी वापरता येईल हे पाहिलं की बहुतेक गोंधळ तिथेच सुटतो. आता तुमच्या रविवारच्या डब्यातली एकेक वस्तू घेऊ.

टिश्यूपासून सुरुवात करते. टिश्यू कागद आहे हे सूनबाईंचं म्हणणं खरंच आहे, पण रद्दीवाला तो कोरा असतानाही घेत नाही. कागदाचे तंतू दर वेळी लगदा करताना तुटत जातात आणि आखूड होतात. टिश्यू मुळातच इतका विरळ आणि त्याचे तंतू बऱ्याचदा इतके आखूड असतात की त्यातून नवा कागद उभा राहायला धड काही उरतच नाही. म्हणजे टिश्यूला सुक्या कचऱ्यात पुढे कुठलाच धंदा नाही. ओल्या कचऱ्यात मात्र आहे. हात पुसलेला, भाजीने, चहाने, तेलाच्या थोड्या डागांनी माखलेला टिश्यू सरळ ओल्यात टाका. तो कुजतो. इतकंच नाही, सोसायटीत खताचा ड्रम असेल तर टिश्यू तिथे उपयोगी पडतो. आपल्याकडचा ओला कचरा फारच ओला असतो, भात, आमटीचा तळ, आंब्याच्या साली, उसाचा चोथा. पाणी साचलं की ड्रममधली हवा संपते आणि सडका वास येतो. चुरगळलेला टिश्यू ते पाणी शोषतो आणि थरांमध्ये हवा राहते. म्हणून टिश्यू थप्पी करून टाकू नका, चुरगळून पसरून टाका. तुम्ही म्हणत होतात ते या बाबतीत बरोबर होतं.

फक्त तीन प्रकारचे टिश्यू ओल्यात जाऊ देऊ नका. पहिला म्हणजे फिनेल किंवा फरशी पुसायच्या औषधाने भिजलेला. त्यातली रसायनं खत करणाऱ्या जिवाणूंनाच मारतात. दुसरा म्हणजे हॉटेलातून किंवा प्रवासातून पाकिटातून निघणारा सुगंधी ओला रुमाल, ज्याला सगळे वेट वाइप म्हणतात. तो दिसायला टिश्यूसारखा असला तरी बऱ्याचदा त्यात पॉलिस्टरचे धागे असतात आणि तो कुजत नाही. शंका आली तर एक तुकडा ग्लासभर पाण्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी चमच्याने ढवळा. टिश्यूचा लगदा होतो, वाइप जसाच्या तसा फडकं राहतो. स्वयंपाकघरातला जाड रोल या परीक्षेत जरा वेळ घेतो, कारण तो ओला झाल्यावर फाटू नये म्हणून त्यात मुद्दाम तंतू धरून ठेवणारं द्रव्य घातलेलं असतं, पण शेवटी तोही सुटतो आणि ओल्यातच जातो.

तिसरा प्रकार म्हणजे नाक शिंकरलेला, जखम पुसलेला, रक्त लागलेला टिश्यू. हा ओल्यातही नको आणि सुक्यातही नको. मी वर सांगितलं त्या बायकांच्या हातात तो जाऊ नये, एवढं कारण मला पुरेसं आहे. तो सॅनिटरी पॅड आणि डायपरसोबत, म्हणजे सॅनिटरी कचऱ्यात.

तुमच्याकडच्या यादीत आणि पत्रकात फरक दिसतो त्याचं कारणही इथेच आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला सांगितलं होतं. तेव्हाच्या पत्रकांत तसंच छापलं गेलं. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत चार भाग केले आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजी घ्यायचा कचरा. शेवटच्या भागात औषधं, रंगाचे डबे, बल्ब, पाऱ्याचा थर्मामीटर असं सगळं येतं. मुंबई महापालिकेनेही २०२५ मध्ये सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा वेगळा उचलायची सेवा सुरू केली, त्यासाठी सोसायटीला नोंदणी करावी लागते. तुमचं पत्रक जुनं असेल तर ते चुकीचं नव्हतं, ते जुन्या नियमांचं होतं. तुमच्या सेक्रेटरींना एवढंच विचारा की आपली नोंदणी झाली आहे का. झाली नसेल तर होईपर्यंत हा कचरा वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल पेनने ठळक फुली करा आणि सफाईच्या दादांच्या हातात वेगळा द्या. कुठल्याच डब्यात सोडू नका.

आता चकचकीत वस्तू. मला स्वतःला यातला फरक समजायला सर्वांत जास्त वेळ लागला आणि तुमच्या डब्यात दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळलेले असणार, म्हणून जरा सावकाश सांगते.

पराठे गुंडाळलेली फॉइल ही अख्खी ॲल्युमिनियमची असते. वेफर्सचं पाकीट आतून तसंच चंदेरी दिसतं, पण ते प्लास्टिक आहे. दोन-तीन प्लास्टिकच्या पातळ फिल्म एकमेकांवर चिकटवलेल्या असतात आणि त्यातल्या एकीवर ॲल्युमिनियमची वाफ बसवून इतका पातळ थर दिलेला असतो की एका मायक्रॉनचाही तो छोटासा अंश असतो. तो थर हवा, ओलावा आणि उजेड आत येऊ देत नाही, म्हणून वेफर्स महिनोन्महिने कुरकुरीत राहतात. पण एकदा चिकटलेल्या त्या फिल्म सुट्या करणं भंगाराच्या धंद्यात कुणाला परवडत नाही. धारावीत बाटलीचं झाकणसुद्धा वेगळं करून रंगानुसार निवडतात. तिथेही या पाकिटाला गिऱ्हाईक मिळत नाही.

ओळखायचं कसं? मुठीत घट्ट चुरगळा आणि मूठ उघडा. चुरगळलेलं तसंच राहिलं तर ती ॲल्युमिनियमची फॉइल. कुरकुर आवाज करत पुन्हा उघडायला लागलं तर ते पाकीट. रविवारी सगळी पोरं घरात असतील तेव्हा त्यांच्याकडूनच हे करून घ्या, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

दोन्ही सुक्यातच जातात, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. फॉइलला खरी किंमत आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि जुन्यापासून नवं करायला खनिजापासून करण्याच्या मानाने जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते. पण एखादी पातळ फॉइल सुटी टाकली तर तिचा उपयोग होत नाही. एकतर ती ढिगात कागदाच्या पोटात जाऊन हरवते. भट्टीपर्यंत पोचलीच तर इतक्या पातळ पत्र्याचा बराच भाग वितळण्याआधी जळून राख होतो. म्हणून भाजीचा, तुपाचा थर आधी पोळीच्या तुकड्याने पुसा, भांडी विसळलेल्या पाण्यात फॉइल एकदा बुडवून काढा, वाळू द्या आणि गोळा करा. पुढची फॉइल आली की त्याच गोळ्यावर गुंडाळा. मुठीएवढा झाला की भंगारवाल्याला कोल्ड्रिंकच्या कॅनसोबत द्या किंवा सुक्या डब्यात टाका. एवढा जड गोळा वर्गीकरणाच्या टेबलावर कुणाच्याही हाताला लागतो. धुण्यासाठी नळ सोडून उभं राहू नका, त्यासाठी शिळं पाणी पुरे. फॉइलवर मसाला करपून चिकटून बसला असेल, पुसून निघतच नसेल, तर तिचा गोळा करण्यात अर्थ नाही. ती तशीच कोरडी करून सुक्यात टाका आणि ती भंगारात जाणार नाही हे मान्य करा.

पाकिटांचं काय? ती झटकून, तुकडे न करता, एका पाकिटात बाकीची कोंबून एकच मोठी गुंडाळी करून सुक्यात द्या. ती पुढे बहुतेक सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. त्या भट्टीत कच्चा माल साधारण १,४५० अंशांपर्यंत तापतो, त्यामुळे प्लास्टिक पूर्ण जळतं. नवं पाकीट त्यातून होत नाही, पण नाल्यात तरंगण्यापेक्षा ते बरं. तेही पाकिटं कोरडी आणि एकत्र असतील तरच. सुटं, तेलकट, ओल्यात मिसळलेलं पाकीट मिश्र कचऱ्यासोबत कांजूरमार्गच्या कचराभूमीत जाऊन पडतं.

चंदेरी कागदी प्लेटा रविवारी वापरल्या असतील तर त्याही याच रांगेत बसवा. कागदावर चंदेरी प्लास्टिकचा पापुद्रा असतो, म्हणून ती ना रद्दी, ना फॉइल. चाटूनपुसून सुक्यात. आणि गोळ्यांच्या स्ट्रिपबद्दल विचारलं नाहीत, पण ती घरोघरी असते म्हणून सांगते. एका बाजूने प्लास्टिक आणि मागे फॉइल असते ती रिकामी स्ट्रिप सुक्यात. आत एक जरी गोळी उरली असेल तर अख्खी स्ट्रिप विशेष काळजीच्या कचऱ्यात. गोळ्या काढून बेसिनमध्ये टाकू नका, त्या शेवटी खाडीतच जातात.

थर्माकोल आठवडाभर बाल्कनीत राहिलं यात तुमची चूक नाही. त्याला घ्यायला सहजी कुणी येत नाही, आणि त्याचं कारण त्याच्या वजनात आहे. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन नावाचं प्लास्टिक, पण त्यात सुमारे ९८ टक्के हवाच असते. फ्रिजच्या पॅकिंगसारखं थर्माकोल एक मीटर लांब, रुंद आणि उंच एवढ्या जागेत भरलं तर वजन साधारण १५ ते २० किलो भरेल. तेवढ्याच जागेत रद्दी रचली तर शेकडो किलो बसते. भंगारवाल्याचा टेम्पो थर्माकोलने भरला तरी त्याला डिझेलचे पैसेसुद्धा सुटणार नाहीत. म्हणून जो कुणी घेतो तो दाबून किंवा वितळवून त्याच्या घट्ट विटा करतो, मग त्यापासून फोटोफ्रेमच्या पट्ट्या वगैरे होतात. ही यंत्रं थोड्या ठिकाणी आहेत, आणि तिथे स्वच्छ, पांढरं, मोठं थर्माकोलच चालतं.

तुम्ही एक गोष्ट मात्र बिलकूल करू नका, ती म्हणजे ते तोडणं. डब्यात बसावं म्हणून आपण तोडतो आणि दाणे सुटतात. ते दाणे स्थिर विजेने कपड्यांना, झाडूला, भिंतीला चिकटतात. बाल्कनीतून वाऱ्याने उडाले की गटारात, आणि पहिल्याच मोठ्या पावसात गटाराच्या जाळीवर पांढरी साय धरतात. जाळूही नका, काळा धूर येतो आणि तो श्वासाला वाईट. काही जण पेट्रोलमध्ये विरघळवतात, ते तर आग लावायला निमंत्रण आहे.

तुकडे अखंड ठेवा, एकात एक बसतील तसे रचा, सुतळीने बांधा आणि सुका कचरा जातो त्या दिवशी डब्यात न टाकता वेगळे हातात द्या. सोसायटीत दोन-तीन घरी एकाच महिन्यात नवी वस्तू आली असेल तर सगळ्यांचं मिळून एकदम द्या. एका घरचा गठ्ठा कोणी फिरकून बघत नाही, पाच घरचा गठ्ठा झाला तर केंद्रावरचा माणूस निदान बाजूला ठेवतो. पुढच्या वेळी फ्रिज किंवा टीव्ही येईल तेव्हा आणणाऱ्या माणसांना खोकं उघडतानाच सांगा, "दादा, थर्माकोल आणि खोकं परत न्या." बऱ्याचदा नेतात. ते गेल्यावर फोन करून काही होत नाही, हा माझा अनुभव आहे.

तुमच्या फ्रिजच्या खोक्यात आणखी एक पांढरी वस्तू निघाली असेल, दाराला गुंडाळलेली मऊ फोमची चादर. ती थर्माकोल समजून सोबत बांधू नका. वाकवून बघा. थर्माकोल काडकन मोडतं, ही चादर वाकते आणि परत सरळ होते. ही पॉलिथिनची असते आणि दुधाच्या पिशव्यांच्या जातीची असल्याने प्लास्टिकच्या भंगारात चालते. जेवणाची थर्माकोलची ताटं आणि वाट्या मात्र वेगळीच गोष्ट. महाराष्ट्रात २०१८ पासून त्यांच्यावर बंदी आहे, आणि त्याच बंदीत सजावटीचं थर्माकोलही आलं, म्हणून गणपतीच्या मखराला आता ते वापरता येत नाही. जुनं मखर माळ्यावर पडलं असेल तर तेही असंच अखंड बांधून द्या.

आता सासूबाईंची बरणी. सूनबाई म्हणतात काच, तुम्ही म्हणता माती, आणि तुमच्या बाजूला थोडं झुकतं माप आहे. चिनी मातीची बरणी ही भाजलेली मातीच असते, वर चकाकणारा थर मात्र काचेसारखा. पण प्रश्न पुन्हा तोच, पुढे कुणाच्या हातात जाणार? बाटल्यांचा काचतुकडा काचेच्या कारखान्यात साधारण १,५०० अंशांच्या भट्टीत वितळवतात. चिनी माती तिथे वितळत नाही. तिचा खडा जसाच्या तसा काचेच्या रसात तरंगतो आणि नव्या बाटलीच्या भिंतीत अडकतो. बाटली थंड होताना काच एका मानाने आकसते, खडा दुसऱ्या मानाने, आणि तिथून तडा जातो. एवढासा खडा कारखान्याला नको असतो, म्हणून कपबशी, बरणी, टाइल यांतलं काहीही बाटल्यांच्या काचेत टाकू नका. ओव्हनमध्ये चालणारा काचेचा बाऊलही टाकू नका, त्याची काच वेगळी असते आणि तीही त्या भट्टीत नीट वितळत नाही.

तर बरणी ही ना ओली, ना भंगारातली काच. कुजत नाही, जळत नाही, विकली जात नाही. खरं तर ती राडारोड्याच्या जातीची आहे, विटा, टाइल्स, फुटकं बेसिन यांच्यासारखी. बाथरूमचं काम काढलं असेल आणि गोणीभर टाइल्स निघाल्या असतील तर पालिकेच्या डेब्रिज उचलण्याच्या सेवेला कळवा, घरच्या डब्यात किंवा रस्त्याकडेला ते टाकायचं नसतं. पण एक कप, एक बरणी यासाठी कुणी ट्रक मागवत नाही. तेवढं घरच्या सुक्या कचऱ्यासोबत द्यायचं, फक्त डब्याच्या आत नाही, वेगळं.

इथे मी स्वतः केलेली चूक सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडून चहाचा कप फुटला. मी तुकडे एका पातळ काळ्या पिशवीत घातले, गाठ मारली आणि सुक्या डब्यात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी आमच्या मजल्यावरच्या सफाईच्या ताईंनी पिशवी खालून धरून उचलली, एक तुकडा आरपार आला आणि तळहातावर अंगठ्याच्या मुळाशी खोल कापलं. त्यांना पाच टाके पडले आणि तीन आठवडे त्यांना कामावर येता आलं नाही. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण त्यांचा पगार तेवढ्या दिवसांचा कापला गेला हे कळल्यावर मला झोप लागली नव्हती. तो मी भरून दिला. हात मात्र त्यांचा अजून थंडीत दुखतो.

म्हणून बरणीचे तुकडे असे बांधा. मोठे तुकडे एकमेकांच्या आत ठेवून वर्तमानपत्राच्या सात-आठ पानांत गुंडाळा, मग ते पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा रिकाम्या टेट्रा पॅकमध्ये सरकवा, तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि वर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा, "फुटकं, जपून". हिंदीतही लिहा, कारण सगळ्या सफाई कामगारांना मराठी वाचता येतंच असं नाही. बारीक चुरा झाडूने गोळा करून ओल्या टिश्यूने टिपा. हा टिश्यू ओल्यात नको, त्याच खोक्यात घाला, खत कालवणाऱ्या हाताला तो काटा लागेल.

बरणीचा बुडखा शाबूत असेल तर मात्र टाकू नका. कुंडीच्या तळाच्या भोकावर तो पालथा ठेवला की पाणी निघतं आणि माती वाहून जात नाही. सासूबाईंची आठवण बाल्कनीतल्या तुळशीत राहील. लोणच्याचा मसाला लागलेला असेल तर आधी दोन दिवस पाण्यात भिजवून ठेवा, मिठाने रोप जळतं. बरणी नुसती टवकली असेल, फुटली नसेल, तर कचरा म्हणायचंच कारण नाही. खडेमीठ किंवा लसूण ठेवायला ती वापरा. फक्त आतल्या चकाकीला तडे गेले असतील तर पुन्हा लोणचं भरू नका, तड्यांत तेल मुरून खवट होतं.

सूनबाईंना आणि तुम्हाला एकच प्रात्यक्षिक पुरे होईल. शनिवारी दुपारी ओल्या आणि सुक्या डब्याशेजारी जमिनीवर एक वर्तमानपत्र पसरा आणि परत आलेला डबा त्यावर ओता. हातमोजे घाला. भिजलेले टिश्यू आधी वेचून ओल्यात. मग मूठ-परीक्षा करत फॉइलचा गोळा आणि पाकिटांची गुंडाळी. बरणी खोक्यात. थर्माकोल सुतळीने. नाक पुसलेले टिश्यू निघाले तर लाल फुलीच्या पुडीत. अकरा माणसांच्या जेवणानंतरचा डबा असला तरी हे वीस मिनिटांच्या वर जात नाही, आणि सुक्या डब्यात शेवटी जे उरेल ते अगदी थोडं असेल.

सोमवारी सफाईचे दादा आले की स्वतः दारात उभ्या राहा. बरणीचं खोकं त्यांच्या हातात द्या आणि तोंडाने सांगा, "यात फुटकं आहे, उभं धरा." थर्माकोल वेगळं द्या. आणि त्यांना विचारा, आमच्या मजल्यावरून तुम्हाला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो? माझ्या यादीत नसलेली एखादी वस्तू ते सांगतील. ती मला पुढच्या पत्रात कळवा.